ट्रायपॉड पुसला, पण फरशीचे सांधे तुटले: ३६० अंशी पॅनोरामातल्या नॅडिरची दुरुस्ती

मंगल कार्यालयाचा हॉल, वाड्याची सोपा-पडवी किंवा लॉजची खोली ३६० अंशी फोटोत घेतली, की भिंती आणि छत बहुतेक वेळा नीट जुळतात. गिऱ्हाईक मात्र मोबाईलवर फोटो फिरवत नजर अगदी तळाला, म्हणजे नॅडिरकडे नेतं आणि तिथेच बोट ठेवतं. ट्रायपॉड पुसलेला असतो, पण त्या जागी एक गोल ठिगळ दिसतं. ठिगळाच्या कडेला फरशीचा सांधा बोटभर सरकलेला असतो, नाहीतर आतला रंग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो. आपल्या बेळगाव भागात हे जास्त खुपतं, कारण निम्म्याहून अधिक जागांत शहाबादी किंवा चौकोनी टाइल्स असतात आणि सरळ रेषेतली चूक डोळ्याला लगेच कळते. खानापूरकडच्या लाल मातीच्या अंगणात हीच चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

इथे घेतलेलं उदाहरण अवघड बाजूचं आहे: दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या शहाबादी फरशीचा हॉल. लेन्स जमिनीपासून १५० सेंटिमीटर उंच आहे आणि तयार पॅनोरामा १२००० बाय ६००० पिक्सेलचा आहे.

आधी किती फरशी झाकली गेली ते मोजा

बरेच जण ट्रायपॉडच्या पायांएवढंच वर्तुळ धरतात. पाय साधारण ५० सेंटिमीटर त्रिज्येत पसरलेले असतात, पण खरा अडथळा पायांचा नसतो. लेन्सखाली २० सेंटिमीटरवर पॅनो हेडची पट्टी आणि फिरकी असते. ती मध्यापासून १० सेंटिमीटर बाहेर येत असली, तरी लेन्सच्या इतकी जवळ असल्यामुळे खालची जवळजवळ २७ अंशांची जागा झाकते. १५० सेंटिमीटर उंचीवरून जमिनीवर तिचं माप ७५ सेंटिमीटर त्रिज्येचं होतं. म्हणजे ठिगळ दीड मीटर व्यासाचं लागणार आहे. ते लहान धरलं, तर कडेला हेडची अस्पष्ट सावलीसारखी किनार राहते आणि ती क्लोनने खोडताना सांधे बिघडतात.

उभं राहताना एक सोपी काळजी घ्या. ट्रायपॉडच्या मध्याच्या हुकाला गवंड्याचा ओळंबा लावा आणि तो एका फरशीच्या बरोबर मधोमध येईल असा ट्रायपॉड ठेवा. मग मध्यापासून चारही बाजूंना ३० आणि ९० सेंटिमीटरवर सांधे येतात. झाकलेलं ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ नऊ फरश्यांच्या चौकोनात पूर्ण बसतं आणि त्या चौकोनाची कड म्हणजे फरशीचा सांधाच असतो. पुढे ठिगळाची कडही तिथेच लपवायची आहे. कामाचा अर्धा भार इथेच हलका होतो.

मूळ पॅनोरामाच तुटका आहे का, हे आधी पाहा

ठिगळ लावण्याआधी झाकलेल्या जागेच्या बाहेरचे सांधे तपासा. दोन फोटोंच्या जोडावर तेच तुटलेले असतील, तर आतलं ठिगळ कितीही अचूक असलं तरी एका बाजूला जुळेल आणि दुसऱ्या बाजूला चुकेल. लेन्सचा प्रकाश-प्रवेशाचा बिंदू फिरकीच्या अक्षावर नसला, की हे घडतं. भिंत चार-पाच मीटर दूर असते, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरची चूक तिथे दिसत नाही. फरशी मात्र दीड मीटरवर असते. तिथे तेवढीच चूक सहा-सात पिक्सेलची होते, आणि पाच मिलिमीटरचा सांधाही आपल्या चित्रात तेवढाच रुंद असतो. म्हणजे सांधा स्वतःच्या पूर्ण रुंदीएवढा सरकतो. यावर खरा उपाय हेडची पट्टी सरकवून पुन्हा फोटो घेण्याचा. ते शक्य नसेल, तर ठिगळ तुटलेल्या जोडाच्या बाहेरपर्यंत न्या, पुढच्या फरशीच्या सांध्यापर्यंत.

खालचा फोटो कसा घ्यायचा

ट्रायपॉड उचलून नेला, की मोकळ्या फरशीचा एक वेगळा फोटो घ्यायचा. इथे एक गोष्ट मनात पक्की हवी: फरशी सपाट असेल, तर हा फोटो मूळ जागेवरून, मूळ उंचीवरून किंवा त्याच लेन्सने घेण्याची गरज नाही. एका सपाट पृष्ठाचे कुठूनही काढलेले दोन फोटो चार बिंदूंनी एकमेकांवर तंतोतंत बसवता येतात, मात्र लेन्सचा वाकडेपणा आधी काढलेला हवा. पडवीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेला असला तरी बिघडत नाही, कारण उतारही सपाटच असतो.

साध्या किट लेन्सने १८ मिलिमीटरवर, क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यातून, १५० सेंटिमीटर उंचीवरून जेमतेम १३० सेंटिमीटर रुंद पट्टा दिसतो. आपल्याला नऊ फरश्यांचे, म्हणजे १८० सेंटिमीटर हवेत. म्हणून कॅमेरा २२० सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तिथून १९० बाय २८५ सेंटिमीटर फरशी येते. रंगारी वापरतात तशी अडीच मीटरची अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्या, टोकाला बॉल हेड बसवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा काठीला वेगळा बांधा. काठीचा पाय मध्याच्या खुणेपासून १०० सेंटिमीटरवर टेकवून ती आत झुकवली, की कॅमेरा खुणेच्या वर सव्वादोन मीटरच्या आसपास येतो. पाय १०० सेंटिमीटरवर ठेवण्याला कारण आहे: तो नऊ फरश्यांच्या चौकोनाबाहेर पडतो. काठीचा उरलेला भाग चित्रात पायाच्याही पलीकडे दिसतो, त्यामुळे ठिगळात काठी येतच नाही.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस मॅन्युअलवरच राहू द्या. व्हाइट बॅलन्स मुख्य फोटोंचाच ठेवा, कारण कार्यालयात ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड मिसळलेला असतो आणि ऑटोवर कॅमेरा प्रत्येक वेळी वेगळा निर्णय घेतो. काठी हलते, म्हणून शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, त्याऐवजी आयएसओ वाढवा. दुसरा फोटो काठी समोरच्या बाजूला टेकवून घ्या. माणसाची सावली पहिल्या फोटोत जिथे पडली असेल, तिथली फरशी दुसऱ्यात स्वच्छ मिळते. हा दुसरा फोटो टाळला, तर हटकून त्याचीच गरज पडते.

कोबा किंवा एकरंगी सिमेंटची जमीन असेल, तर जुळवायला बिंदूच मिळत नाहीत. अशा वेळी मध्यापासून ९० ते १२० सेंटिमीटरवर कागदाचे सहा छोटे तुकडे चिकटवा. मुख्य फोटोंपासून खालच्या फोटोपर्यंत ते हलू देऊ नका. जुळणी झाली की ते हीलने सहज पुसता येतात.

पॅनोरामाचा तळ सपाट करून घ्या

संपूर्ण पॅनोरामा उघडून खालच्या पट्ट्यावर थेट ब्रश चालवू नका. त्या चित्राची शेवटची ओळ १२००० पिक्सेल रुंद आहे, पण प्रत्यक्षात तो एकच बिंदू आहे. तिथे मारलेला गोल ब्रश जमिनीवर पाचरीच्या आकाराचा उमटतो. आधी ffmpeg या प्रोग्रामने पॅनोरामाचे घनाकृती, म्हणजे ठोकळ्याच्या बाजूंसारखे, सहा चेहरे काढा:

```
ffmpeg -i pano.png -vf "v360=e:c6x1:interp=lanczos:w=24000:h=4000" faces.png
```

हे चेहरे ओळीने उजवा, डावा, वरचा, खालचा, पुढचा, मागचा असे येतात. खालचा चौथा, म्हणजे आडव्या दिशेने १२००० ते १६००० पिक्सेलमधला. मूळ पॅनोरामा क्षितिजाला समतल केलेला असेल, तर या चौरसात फरशी वरून सरळ पाहिल्यासारखी दिसते आणि सांधे काटकोनात असतात. मध्यापासून कडेपर्यंतच्या २००० पिक्सेलमध्ये १५० सेंटिमीटर जमीन मावते. म्हणजे एका सेंटिमीटरला १३ पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवला, की पुढे कुठली चूक किती मोठी हे लगेच कळतं.

चार कोपरे बसवणे

खालच्या फोटोतला लेन्सचा वाकडेपणा रॉ कन्व्हर्टरमधल्या लेन्स प्रोफाइलने काढा, कडांचा अंधारही त्याच वेळी घालवा. गिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये तो फोटो खालच्या चेहऱ्यावर वेगळा लेयर म्हणून आणा. लेयर अर्धपारदर्शक करून आधी साधारण जागेवर फिरवा आणि लहान-मोठा करा. मग `Handle Transform` हे साधन निवडा आणि `Interpolation` मध्ये `LoHalo` ठेवा.

चार हँडल नऊ फरश्यांच्या चौकोनाच्या चार बाहेरच्या कोपऱ्यांवर लावायचे. ते मध्यापासून १२७ सेंटिमीटरवर, म्हणजे १७०० पिक्सेलच्या आसपास सापडतात. जवळचे कोपरे घेतले, तर एका पिक्सेलची चूक बाहेर जाताना वाढत जाते. लांबचे घेतले, की तीच चूक आत येताना कमी होते. हँडल लावताना चित्र २०० टक्क्यांवर मोठं करा आणि शहाबादीचा तुटका कोपरा न पकडता दोन सांध्यांच्या मध्यरेषा जिथे छेदतात तो बिंदू पकडा. शहाबादीची धार सरळ नसते, त्यामुळे कोपऱ्याच्या टोकावर विश्वास ठेवला तर पाच-सहा पिक्सेलची चूक सहज होते.

एक हँडल ओढताना उरलेले तीन जागेवर राहतात, म्हणून घाई नको. समोरासमोरचे दोन आधी बसवा, मग उरलेले दोन. चौथा बसला की लेयरचा मोड `Difference` करा. जिथे दोन्ही चित्रं जुळतात तिथे काळं दिसतं, जिथे चुकतात तिथे सांध्याची जोडरेषा उजळते.

आता चौकोनाच्या प्रत्येक बाजूवरचे मधले दोन सांधे-छेद तपासा. ते एकूण आठ आहेत, दोन्ही चित्रांत दिसतात आणि तुम्ही त्यांच्यावर हँडल लावलेले नाहीत. म्हणून खरी परीक्षा तेच घेतात.

कोपरे जुळले, पण मधले छेद सगळ्या बाजूंनी सारखेच आत किंवा बाहेर फुगलेले असतील, तर लेन्सचा वाकडेपणा पूर्ण निघालेला नाही. हँडल हलवून हे कधीच बसणार नाही. प्रोफाइलकडे परत जा. किट लेन्सचा १८ मिलिमीटरवरचा फुगवटा मोठा असतो आणि चुकीच्या लेन्सचं प्रोफाइल लागलं तर तो वाढतोही. एकाच बाजूचे छेद चुकत असतील, तर त्या बाजूच्या दोनपैकी एक हँडल शेजारच्या भेगेवर किंवा डागावर बसलं आहे. सगळे जुळून एकच छेद चुकत असेल, तर ती फरशी खचलेली किंवा वर आलेली आहे. जुन्या हॉलमध्ये अशी एखादी निघतेच. दोन पिक्सेलच्या आतली चूक सोडून द्या, ती पाच मिलिमीटरच्या सांध्यात विरते.

मत्स्यनेत्री लेन्सने खालचाही फोटो घेऊन सगळं स्टिचिंगमध्येच करायचं असेल, तर पीटीगुई प्रो या स्टिचिंगच्या प्रोग्राममध्ये फक्त त्या फोटोसाठी, कॅमेऱ्याची जागा बदलल्याचा फरक भरून काढणारं `Viewpoint` चालू करा. आधी बाकीचे फोटो त्याच्याशिवाय जुळवून घ्या. तिथे सर्वांत जास्त गडबड आपोआप सापडलेल्या कंट्रोल पॉइंट्समुळे होते. प्रोग्रामला खांब, खुर्चीचे पाय, भिंतीचा पाया असे बिंदूही मिळतात आणि ते जमिनीच्या पातळीत नसल्याने सगळी फरशी तिरकी ओढली जाते. खालच्या फोटोचे जमिनीवर नसलेले सगळे बिंदू पुसा, उरलेले चारही दिशांना पसरलेले आहेत ना ते पाहा, मगच ऑप्टिमाइझ करा.

ठिगळाची कड आणि रंग

लेयरला काळा मास्क द्या आणि नऊ फरश्यांचा चौकोन पांढरा करा. कड सांध्याच्या बरोबर मधून न्या, फेदर २ ते ३ पिक्सेलच ठेवा. गोल आणि मऊ कडेचं ठिगळ लोक सवयीने वापरतात, पण फरशीवर ते सर्वांत वाईट. मऊ पट्ट्यात दोन्ही चित्रं मिसळतात, शहाबादीचे ठिपके दुहेरी होतात आणि तिथे धुरकट कडं उमटतं. सांध्यावर मात्र रंग तसाही बदलतो, म्हणून कड तिथे नजरेत येत नाही.

रंग जुळवण्यासाठी फोटोची लांब बाजू कामाला येते. चौकोनाबाहेरची तीच एक फरशी दोन्ही चित्रांत दिसते. कलर पिकरची त्रिज्या ६० पिक्सेलच्या आसपास ठेवून दोन्ही लेयरमधले लाल, हिरवा, निळा आकडे पाहा. समजा मूळ चित्रात १४२, १३८, १३१ आणि ठिगळात १५०, १४३, १३३ आले. तर नुसतं अंधारं करून भागणार नाही, लाल जास्त उतरवावा लागेल आणि निळा अगदी थोडा. `Curves` मध्ये तिन्ही चॅनेल वेगळे हलवा. हे मोजमाप विरुद्ध बाजूच्या फरशीवरही करा. दोन बाजूंचा फरक वेगळा आला, तर एका बाजूला तुमची सावली आहे. ती बाजू दुसऱ्या फोटोतून घ्या.

रंग बरोबर असूनही ठिगळ ओळखू येत असेल, तर कारण धार असते. वरून काढलेल्या फोटोत एका सेंटिमीटरला वीसेक पिक्सेल असतात, पॅनोरामात १३. त्यामुळे ठिगळातला दगडाचा कण शेजारच्या फरशीपेक्षा टोकदार दिसतो. ०.५ ते ०.८ पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला की दोन्ही सारखे होतात.

परत पॅनोरामात बसवणे

सहा चेहऱ्यांची पट्टी त्याच मापात सेव्ह करा आणि उलटा प्रवास करा:

```
ffmpeg -i faces_fixed.png -vf "v360=c6x1:e:interp=lanczos:w=12000:h=6000" back.png
```

हे चित्र थेट वापरू नका, कारण दोनदा रूपांतर झाल्याने भिंतींची आणि छताचीही धार थोडी जाते. मूळ पॅनोरामावर ते लेयर म्हणून ठेवा आणि मास्कने फक्त खालच्या १४०० ओळी दिसू द्या, कडेला २० पिक्सेल फेदर. चौकोनाचे कोपरे तळापासून सुमारे १३४५ ओळींवर येतात, त्यामुळे १४०० पुरतात. मास्क लावण्याआधी इथेही `Difference` लावून पाहा. न बदललेला भाग जवळजवळ काळा दिसायला हवा. सगळीकडे बारीक रेषा उजळत असतील, तर पट्टीचं माप सेव्ह करताना बदललं आहे किंवा चेहऱ्याचा थर एखाद्या पिक्सेलने सरकला आहे.

शेवटची तपासणी ३६० व्ह्यूअरमध्ये, नजर खाली वळवून आणि झूम आत घेऊन. सपाट चित्रात न दिसलेली तुटकी रेषा फिरवताना चटकन डोळ्यात येते.

जिथे ही पद्धत चालत नाही

नव्या कार्यालयांत चकचकीत टाइल्स असतात आणि त्यांत छतावरचे दिवे दिसतात. टाइल जमिनीवर आहे, पण दिव्याचं प्रतिबिंब जणू जमिनीखाली तेवढ्याच खोलीवर आहे. त्यामुळे सांधे तंतोतंत जुळले तरी दिव्याची पट्टी कडेवर तुटते. कॅमेरा सरकला की प्रतिबिंबही सरकतं, ते जुळवता येत नाही. अशा जागी कॅमेरा मूळ जागेच्या आणि उंचीच्या जमेल तितका जवळ आणा, त्यासाठी रुंद लेन्स लागली तरी चालेल. नाहीतर मधला दिवा बंद करून सगळेच फोटो घ्या. उरलेलं तुटलेलं प्रतिबिंब एका पूर्ण टाइलपुरतं मावत असेल, तर ती टाइल शेजारच्या टाइलची नक्कल करून बदला, सांध्यापासून सांध्यापर्यंत.

उंचवटे हा दुसरा अडथळा. झाकलेल्या वर्तुळाच्या कडेला १० सेंटिमीटरची पायरी असेल, तर १५० आणि २२० सेंटिमीटरवरून ती दोन वेगळ्या जागी दिसते. फरक जवळजवळ दोन सेंटिमीटरचा, म्हणजे २४ पिक्सेलचा, आणि तो कोणत्याही हँडलने बसत नाही. एक सेंटिमीटर जाडीच्या सतरंजीची कड असेल, तर फरक दोन पिक्सेलवर येतो, तो चालून जातो. हलशी किंवा देगावच्या जुन्या देवळांसारख्या ठिकाणी जोतं, उंबरा आणि पायऱ्या जवळजवळ असतात, तेव्हा ट्रायपॉड उंचवट्यापासून निदान सव्वा मीटर लांब ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत, उदाहरणार्थ बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीत, ट्रायपॉड आणि काठी या दोन्हींची परवानगी आधी काढा.

गवत, ऊस तोडल्यावरचा पाचट, नांगरलेली काळी जमीन यांना पृष्ठच नसतं, प्रत्येक काडी वेगळ्या उंचीवर असते. तिथे खालचा फोटो बसवत बसू नका. तोच सपाट चेहरा घ्या आणि शेजारच्या गवतावरून मोठ्या मऊ ब्रशने क्लोन करा, दर हाताला नमुन्याची जागा बदलत. उघड्यावर ट्रायपॉडची सावलीही पायांच्या बाहेर लांब जाते. ती क्लोनमध्ये धरायला विसरू नका, नाहीतर पाय गेलेले आणि त्यांची तीन बोटांसारखी सावली मागे राहिलेली दिसते.